थांबला दुकानदार

आमच्या घराण्यातल्या ओव्यांमध्ये देव आहेत, माहेर आहे, भाऊ आहे, न आलेला पाऊस आहे. पैशाचा हिशेब मात्र एकाच ठिकाणी सापडतो, आबांच्या पहिल्या पगाराच्या ओवीत. आबा म्हणजे माझे आजोबा. ते निजामाच्या रेल्वेत गँगमन म्हणून लागले, मिरखेलच्या गँगवर. पूर्णा आणि परभणीच्या मधलं हे लहानसं स्टेशन. पगार आबांचा असला तरी ओवी त्यांच्या आईची. तिला घरात सगळे थोरली माय म्हणत. मी तिला पाहिलेलं नाही. तिच्यासमोर जात्याला बसायची ती आबांची धाकटी बहीण, अक्का. अक्का आता ऐंशी ओलांडून गंगाखेडला मुलाकडे असते. ऐकू कमी येतं, पण ओवीतला शब्द इकडचा तिकडे झाला की तिला बरोबर ऐकू येतो.

तिनं मला सांगितलेल्या ओळी या अशा :

पूर्णेच्या टेसनात पगाराचा डबा आला
मह्या गं लेकरानं अंगठा निळा केला

सातातला एक गेला, सहा राहिले कलदार
आईच्या चोळीसाठी थांबला दुकानदार

पुढे टोपीची एक ओवी आहे, पण ती अक्का दर वेळी वेगळी म्हणते. तिचं म्हणणं, टोपीची ओवी थोरली मायसुद्धा दर वेळी वेगळीच म्हणायची.

जात्याची ओवी नुसती वाचली तर तोकडी वाटते. दळताना तसं होत नाही. एक बाई अर्धी ओळ म्हणते, दुसरी ती उचलते, मधे कुणीतरी जात्याच्या तोंडात मूठभर ज्वारी टाकते आणि तेवढा वेळ आवाज थांबतो, दगड मात्र फिरत राहतो. वैरण घालायच्या वेळेला कोणता शब्द आला यावर त्या शब्दाचं वजन ठरतं. ‘सातातला एक गेला’ या तुकड्यानंतर थोरली माय हमखास वैरण घालायची. म्हणजे समोर बसलेल्या पोरीला तो गेलेला एक रुपया चांगला पुरता वेळ ऐकू यायचा.

पहिल्या ओळीवरच आमच्या घरात भांडण आहे. माझे काका परभणीला रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले. रेल्वेबद्दल कुणी काही चुकीचं बोललं तर त्यांना ते सहन होत नाही. ते म्हणतात, “पगार पूर्णेला वाटत नव्हते. गँगचा पगार गँगपाशी. आबा मिरखेलला, तर पगार मिरखेलला. अक्काची ओळ चुकली.” पद्धत त्यांनी सांगितली ती बरोबर आहे. गँगमन लोकांना पगारासाठी कुठं जावं लागत नसे. पगार वाटणारा क्लार्क रोकड घेऊन गाडीनं निघायचा, बरोबर लोखंडी पेटी आणि राखण, आणि लाइनवरच्या एकेका स्टेशनावर उतरून लोकांना पैसे द्यायचा. गँग त्या दिवशी हत्यारं ठेवून फलाटावर येऊन बसायची. मुकादम नाव पुकारायचा, क्लार्क नोंदवहीत आकडा दाखवायचा, शाई लावलेला अंगठा त्या आकड्यासमोर उठायचा आणि साक्षीला स्टेशनमास्तरची सही. सही न येणाऱ्या माणसाच्या आयुष्यात सरकारशी झालेला हा पहिला व्यवहार. त्याची खूण अंगठ्यावर दोन-तीन दिवस टिकायची.

अक्काचं उत्तर याहून सोपं आहे. “माईनं मिरखेल कवा पाह्यलं होतं? तिला रेल्वे म्हंजी पूर्णा.” ते खरंच. पूर्णा जंक्शन. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज आणि हिंगोलीवरून अकोल्याला जाणारी लाइन तिथं मिळायची. इंजिनांची शेड होती, रेल्वेची वसाहत होती, रात्रभर शिट्ट्या. आसपासच्या पंधरा-वीस गावांना रेल्वे म्हणजे पूर्णाच. पुढे मीटरगेज गेली, वाफेची इंजिनं त्याच्याही आधी गेली, आणि ती जुनी पूर्णा आता माणसांच्या बोलण्यात तेवढी उरली आहे.

काकांना पगाराचं खरं गाणं विचारलं तर ते दुसरंच सांगतात. 1954 साली ‘पहली तारीख’ नावाचा हिंदी सिनेमा आला होता. दिग्दर्शक राजा नेने, संगीत आपल्या सुधीर फडक्यांचं. त्यात किशोरकुमारनं गायलेलं पहिल्या तारखेचं गाणं रेडिओ सिलोनवर पुढे कित्येक वर्षं दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी लागायचं. काका ते अजून गुणगुणतात, बूट पुसता पुसता. गाणं मजेदार आहे, पण ते शहराचं आहे. त्यात महिन्याला एक तारीख असते आणि त्या तारखेला सगळं शहर एकदम खिशात हात घालतं. लाइनवर एक तारीख नव्हती. पगाराचा डबा तुमच्या स्टेशनाला पोचेल ती तुमची तारीख. कधी चार, कधी सात. त्यामुळे ओवीत तारीख नाही, डबा आहे. मला हा फरक ऐकताना लक्षात आला नव्हता, लिहून काढल्यावर दिसला.

आता सातातल्या एकाकडे येऊ. खरी गंमत तिथं आहे.

हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं नाणं होतं. उस्मानिया सिक्का त्याचं कागदोपत्री नाव, लोकांच्या तोंडी मात्र ‘हाली’. चांदीच्या रुपयावर चारमिनार. संस्थानांपैकी स्वतःच्या कागदी नोटा काढायची मुभाही एकट्या हैदराबादलाच होती. इंग्रजी मुलखातल्या रुपयाला आमच्याकडे ‘कलदार’ म्हणत. कलदाराचं मोल हालीपेक्षा जास्त. ठरलेला भाव असा की शंभर कलदार घ्यायचे तर एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली मोजायचे. बाजारात एवढं बारीक कोण पाहतो? सात हालीचे सहा कलदार, हे सगळ्यांना पाठ. आणि तो हिशेब बरोबरही येतो, एकशे सोळा-दहा-आठ म्हणजे शंभराचे सात सहांशच.

सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. नाणं मात्र एका दिवसात जात नसतं. पुढची काही वर्षं हाली आणि कलदार दोन्ही एकाच बाजारात, एकाच बटव्यात होते. निजामाची रेल्वे नोव्हेंबर 1951 मध्ये मध्य रेल्वेत गेली. याच सगळ्या उलथापालथीत केव्हातरी आबांच्या गँगचा पगार हालीतून कलदारात लिहिला जाऊ लागला. अक्काच्या आठवणीप्रमाणे आबांना कामावर घेताना पगार सांगितला होता एकवीस रुपये. पहिल्या पगाराला हातात पडले अठरा.

एकवीस हालीचे अठरा कलदार. सात त्रिक एकवीस, सहा त्रिक अठरा. सरकारनं एक पैसा कापला नव्हता. पण थोरल्या मायला ते कोण समजावणार? तिच्या हिशेबी तीन रुपये वाटेत गळाले. साताला एक या भावानं. म्हणून ‘सातातला एक गेला’.

इथं काकांचा आक्षेप असा की हा सराफाचा बट्टा असणार. “नाणं बदलून घ्यायचं तर सराफ आपलं काढून घेतोच,” असं ते म्हणतात. बट्टा घेत असत, यात शंका नाही. फाटक्या नोटेवर, झिजलेल्या चांदीवर, घाईतल्या माणसावर, सगळ्यावर घेत. पण साताला एक एवढा बट्टा कोणत्याही सराफानं घेतला नसता, गावानं त्याला जगू दिलं नसतं. साताला एक हा दोन नाण्यांमधला फरक, तो कुणाच्या खिशात जात नाही. निदान जायला नको.

नको, पण गेला. अक्का जे सांगते ते मला कोणत्याही पुस्तकातल्या दरापेक्षा जास्त खरं वाटतं. गावातल्या किराणा दुकानदाराच्या वहीत आमच्या घराची उधारी हालीत लिहिलेली होती, रुपये अकरा. पगार कलदारात आल्यावर ती उधारी नऊ रुपये सात आण्यांच्या आसपास व्हायला हवी होती. दुकानदारानं वही उघडली, बोट ठेवलं आणि म्हणाला, अकरा. आकडा तोच, नाणं नवं. कितीतरी घरांचं असं झालं असणार. पगाराचा आकडा सातावरून सहावर आला आणि देण्याचा आकडा होता तिथंच राहिला. तेव्हा थोरल्या मायचं गणित चुकीचं होतं, पण तिचं गाऱ्हाणं चुकीचं नव्हतं.

अक्कानं पहिल्या पगाराची वाटणी मला बोटांवर मोजून दाखवली. अठरा रुपये. त्यातले तीन सावकाराच्या व्याजाला, ते टळत नव्हते. तीन ज्वारीला, कारण घरातली संपत आली होती. उधारीचे अकरा. झाले सतरा. उरला एक. एका रुपयात आईला आणि बापाला काय आणायचं? आबांनी दुकानदाराला नऊच दिले. दोन रुपये पुढच्या पगाराला देतो म्हणून सांगितलं. कदाचित दुकानदारालाही आतून ठाऊक असेल की खरं देणं नवाच्याच आसपास आहे, त्यानं जास्त ताणलं नाही. उरले तीन. सव्वा रुपयाचा खण, शिवणावळ चार आणे, बारा आण्यांची टोपी. सव्वादोन झाले. राहिलेल्या बारा आण्यांत बापाला तंबाखू, जनाबाईला नारळ आणि घरी बत्तासे.

‘आईच्या चोळीसाठी थांबला दुकानदार’ याचा हा अर्थ. दोन रुपयांसाठी थांबला तो किराणा दुकानदार. काकूंना हे पटत नाही. त्यांना वाटतं, आबांना यायला रात्र झाली आणि कापडाचा दुकानदार दुकान उघडं ठेवून थांबला. त्यांनी ओवी अशीच ऐकली आणि आपल्या मुलींना अशीच शिकवली. मी अक्काला विचारलं, खरं काय? ती म्हणाली, “दोन्ही म्हन. उधारीवाला थांबला म्हनूनच कापडवाल्याला थांबावं लागलं.” ती चेष्टा करत होती की नाही, मला कळलं नाही.

चोळीबद्दल मात्र तिथं कुणाचंच दुमत नाही, आणि आबांनी ती ज्या तऱ्हेनं आणली त्याबद्दल अक्का तासभर बोलू शकते. खण म्हणजे एका चोळीपुरतं कापड, आमच्याकडे येणारे खण बहुधा गुळेदगुड्ड्याकडचे, दाट रंगाचे, दोन्ही बाजूंना काठ. हा खण दुकानातून घडी करून घरी आणला असता तर काय झालं असतं, ते प्रत्येक घरातल्या बाईला माहीत आहे. थोरल्या मायनं तो डोळ्याला लावला असता, पेटीत ठेवला असता आणि पुढच्या पंचमीला आलेल्या लेकीच्या, नाहीतर बारशाला बोलावलेल्या शेजारणीच्या ओटीत घातला असता. त्या घरून तो दुसऱ्या ओटीत. खण असा गावभर फिरतो, कधी कधी वर्षा-दोन वर्षांनी आपल्याच दारात परत येतो. न शिवलेला खण हा कुणा एकीचा नसतो. तो चलन असतो, आणि फिरणं हेच चलनाचं काम.

आबांनी आईची जुनी, फाटलेली चोळी तिला न सांगता वळचणीतून काढली आणि धोतराच्या पदरात गुंडाळून पूर्णेला शिंप्याकडे नेली. शिंप्यानं ती उसवून जमिनीवर पसरली. पाठ, दोन पुढचे भाग, बाह्या, काखेतल्या कळ्या. उजवी बाही डावीपेक्षा बोटभर रुंद होती, कारण दळून दळून आणि खुरपून तिचा उजवा दंड भरलेला. शिंप्यानं विचारलं, सारख्या करू का? आबा म्हणाले, आहे तशीच. नव्या खणाचे काठ बाह्यांवर घेतले, पुढं गाठ मारायला पदर सोडले. अशी मापाची, एक बाही रुंद असलेली चोळी घरी आली. ही कुणाच्या ओटीत घालायची? कुणाला होणार? थोरल्या मायनं आधी आबांना शिव्या दिल्या. खण आणायचा तर कोरा आणायचा, उद्या सोयरे आले की घ्यायला काय आहे घरात? मग घातली.

तिच्या नशिबी त्यानंतर लुगडी आली, दोन-चार बरी आली. अक्का म्हणते त्यातलं एकही तिच्या अंगावर टिकलं नाही. एक लेकीच्या लग्नात गेलं, एक नणंदेला दिलं, एक ‘जाताना लागेल’ म्हणून शेवटपर्यंत पेटीत राहिलं. चोळी तेवढी तिची होती.

अक्काच्या ओसरीवर हे सगळं चाललं असताना शेजारच्या मावशी येऊन बसल्या. पहिल्या पगाराचं कानावर पडलं आणि आम्ही ओवीबद्दल बोलतोय हे बाजूला राहिलं. “पयला पगार ना? मी सांगते.” त्यांचा पहिला पगार 1972च्या दुष्काळातला. पालमच्या बाजूला रस्त्याचं काम निघालं होतं, त्या खडी फोडायला जायच्या. तेरा-चौदा वर्षांच्या असतील. हजेरीपटावर नाव वडिलांचं, हातोडा यांच्या हातात. मजुरी दिवसावर नव्हे, मापावर. फोडलेल्या खडीचा ढीग चौकोनी रचायचा, मोजणीदार फूटपट्टी लावायचा आणि ढीग पोकळ रचला म्हणून मुकादम तो लाथेनं दाबून पाहायचा. दुपारी सुकडी मिळायची. घरी लाल ज्वारी. त्या ज्वारीची भाकरी कशी तुटायची, यावर मावशींनी बराच वेळ घेतला. आम्हीही तो दिला, कारण तेव्हाच्या माणसाला ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

“मग आईला काय आणलं?” मी विचारलं.

“पैसे बापानं घेतले. हातावर आठ आने ठेवले म्हनं जा, शेव खा. मी शेव खाल्ली नाही. आईला कासाराकडं घेऊन गेले अन् बांगड्या भरल्या.”

आईला घेऊन गेल्या, बांगड्या आणून दिल्या नाहीत, याकडे अक्कानं माझं लक्ष वेधलं नसतं तरी ते गेलंच असतं. कासार हात दाबून, अंगठा आत वळवून बांगडी चढवतो. त्या हातातून ती फुटूनच निघते. कुणाला द्यायची म्हटली तरी देता येत नाही. तेरा वर्षांच्या मुलीला हे कुणी शिकवलं असेल? मावशी म्हणाल्या, कुणी नाही, कासार जवळ होता म्हणून गेलो. आणि लगेच विचारलं, त्या खडीवरच्या बायकांचं सरकारकडं अजून काही येणं निघतं का, तुझ्या ओळखीत कुणी आहे का. मी नाही म्हटलं. त्यांना ते फारसं पटलं नाही.

ओवी परत घरात निघाली ती माझ्या पुतणीमुळे. ती परभणीला नर्स आहे. पहिला पगार खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला आणि तिला आईसाठी साडी घ्यायची होती. साधी नाही, चांगली काठाची, अर्धे पैसे आत्ता, अर्धे पुढच्या महिन्यात. माझी वहिनी सुखावली, आणि तिनं आपली लोखंडी ट्रंक उघडून लेकीला दाखवली. या ट्रंकेबद्दल लिहायलाच हवं. तिच्यात साड्यांच्या दोन थप्प्या आहेत. प्रत्येक साडीच्या घडीत टाचणीनं लावलेली कागदाची चिठ्ठी : ‘लातूरच्या मामी, वास्तू’, ‘जिंतूर, मुंज’, ‘सेलूच्या वन्सं, पन्नाशी’. कुणाकडून कोणत्या कार्याला आली. का, तर ज्यांनी दिली त्यांनाच ती चुकून परत जाऊ नये. मागे एकदा तसं झालं होतं आणि सहा महिने बोलणं बंद होतं. वहिनी म्हणाली, “तुझी साडी वरच ठेवीन हं.” म्हणजे चिठ्ठी लागणारच होती, जागा वरची, एवढंच.

पुतणीनं मला फोन केला आणि मी तिला गंगाखेडला अक्काकडे नेलं. अक्कानं उपदेश वगैरे काही केला नाही, सरळ ओवी म्हणून दाखवली. पुतणी मन लावून ऐकत होती. ‘सातातला एक गेला’ आलं तशी ती मधेच म्हणाली, “अगदी बरोबर! माझे पण पंचवीस सांगितले होते. पीएफ आणि काय काय कापून हातात बावीस आले.”

मी तिला हाली-कलदार समजावून सांगायला लागले. कापणं वेगळं, नाणं बदलणं वेगळं. पीएफ पुढे तुलाच मिळणार, आणि साताला एक हा तर दर होता. अक्कानं मला हातानंच गप्प केलं. “असू दे. तिचा बी गेलाच की.” ऐंशी वर्षांच्या बाईला ओवीचा अर्थ बदललेला चालतो आणि मला चालत नाही, हे काही मला आवडलं नाही. पण हालीचं नाणं हातात घेतलेलं माणूस आता घरात अक्का एकटीच आहे. तिच्यानंतर सातातला एक कुठं गेला हे कळायला दुसरं काहीतरी लागणारच. पगाराच्या कागदावरची कपात त्या जागी चपखल बसते.

मग पुतणीनं स्वतःचा आकडा ओवीत घालून पाहिला. बावीस हजार. ओळ लांबली, श्वास पुरेना, वैरणीच्या जागी ‘हजार’ अडकला. दोघींनी मिळून हात फिरवत, जातं नसताना, चार-पाच वेळा प्रयत्न केला. शेवटी अक्का म्हणाली, “आकडा घालूच नको. माईनं तरी कुठं घातला? एकवीस बी नाही, अठरा बी नाही. आकडा सांगितला की नजर लागती.” नजरेचं मला ठाऊक नाही. पण ओवीत पगाराचा आकडा नाही, हे मी इतके दिवस ऐकून पाहिलं नव्हतं. आहे तो नुसता हिस्सा, सातातला एक. पगार अठरा असो की बावीस हजार, हिस्सा म्हणायला कुठंच अडत नाही. आकडा असता तर ती ओवी अक्काच्या लग्नापर्यंतच हास्यास्पद झाली असती. तिच्या नवऱ्याला 1962 नंतर जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा पगार आबांच्या कितीतरी पट होता, आणि तीही हीच ओवी म्हणत होती. फक्त अंगठ्याच्या जागी तिनं सही घातली. ते काही जमलं नाही, असं तीच सांगते. सहीला शाई कितीशी लागणार?

साडी रद्द झाली. पुतणीनं आईला चष्मा करून दिला. वहिनी दोन वर्षं औषधाच्या दुकानातला तयार चष्मा वापरत होती, दोन्ही डोळ्यांना सारखाच नंबर. तपासल्यावर निघालं की डाव्या डोळ्याचा वेगळा आहे, शिवाय थोडा तिरपा नंबर. म्हणजे तो दुसऱ्या कुणाच्या कामाचा नाही. वडिलांसाठी तिनं वर्तमानपत्रावर त्यांचा पाय ठेवून पेन्सिलनं रेघ मारून घेतली आणि चप्पल शिवायला टाकली, कारण त्यांच्या अंगठ्याचं हाड बाहेर आलंय आणि बाजारची कुठलीच चप्पल त्यांना नीट बसत नाही. माझा भाऊ म्हणतो, पैसे फुकट घालवले, बाजारात निम्म्या किमतीत मिळते. घालतो मात्र तीच. वहिनीनं साडीची हळहळ अजून सोडलेली नाही. “एक साडी वर असती तर बरं होतं, दिवाळीत जिंतूरला कार्य आहे,” हे ती नवा चष्मा लावून चिठ्ठ्या वाचता वाचता म्हणते.

राहिला तो ओवीच्या सालाचा प्रश्न. माझं म्हणणं, ही 1948 नंतरची आणि 1957च्या आधीची. दोन्ही नाणी आहेत, म्हणजे हाली अजून लोकांच्या हातात आहे. आणि पगार कलदारात आला, म्हणजे निजामाचं राज्य गेलेलं आहे. एप्रिल 1957 पासून नवे पैसे सुरू झाले, आणे-पै मागे पडले. टोपीच्या ओवीच्या सगळ्या तऱ्हांमध्ये आणे आहेत, नवा पैसा एकीतही नाही. काका हे मानत नाहीत. हिंगोलीवरून पुढं गेलं की वऱ्हाड, तिथं पहिल्यापासून कलदारच चालायचा, पूर्णेच्या बाजारात दोन्ही नाणी पोलीस अॅक्शनच्या कितीतरी आधीपासून होती. मग ओवी 1940ची का नसावी? या मुद्द्याला माझ्याजवळ पक्कं उत्तर नाही. आबांच्या पेन्शनच्या कागदावर नोकरीची तारीख आहे, पण ती कायम झाल्याची. त्याआधी ते कच्च्या नोकरीवर किती वर्षं होते ते त्यात धरलेलं नाही, आणि पहिला पगार तर त्या कच्च्या नोकरीतलाच.

काकांनी हे सगळं अक्कापुढे मांडलं, तारखांसकट. तिनं ऐकून घेतलं. “1940ला मी जन्मले नव्हते,” ती म्हणाली, “अन् चोळी आली तवा बत्तासे मी खाल्लेत. बस आता तू हिशेब करत.”